स्टोकॅस्टिक ८० च्या वर आठवडेच्या आठवडे राहते तेव्हा काय करावे?

प्रश्न: निफ्टी तेजीत असताना मी स्टोकॅस्टिक २० च्या खाली येण्याची वाट पाहतो, पण ते खाली येतच नाही, तीन-तीन आठवडे ८० च्या वरच राहते. ओव्हरबॉट आहे म्हणून विकले की बाजार आणखी वर जातो. मग पुलबॅकमध्ये खरेदी नेमकी कधी करायची, आणि ओव्हरबॉटचा हा काळ कसा हाताळायचा?

उत्तर: तुमच्या अडचणीचे मूळ ‘ओव्हरबॉट’ या शब्दात आहे. हा शब्द ऐकला की भाव फार महाग झाला असावा असे वाटते, परंतु स्टोकॅस्टिक महाग-स्वस्ताबद्दल काहीही सांगत नाही. गेल्या १४ सत्रांचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा भाव घेतला, तर त्या पट्ट्यात आजचा बंद भाव किती उंचीवर आहे, एवढेच ते मोजते.

```
%K = 100 × (C − L14) / (H14 − L14)
```

येथे C म्हणजे आजचा बंद भाव, L14 म्हणजे १४ सत्रांतला नीचांक आणि H14 म्हणजे १४ सत्रांतला उच्चांक. आकडा ९० आला, तर बाजार पट्ट्याच्या वरच्या दहाव्या भागात बंद झाला, इतकाच त्याचा अर्थ. जो बाजार रोज थोडा थोडा वर सरकतो, तो रोज आपल्या पट्ट्याच्या माथ्याजवळच बंद होणार, आणि म्हणून आकडा ८० च्या वर राहणे हे त्या तेजीचे साधे वर्णन ठरते. शिकागोच्या जॉर्ज लेन यांनी १९५० च्या दशकात हे साधन प्रचारात आणले तेव्हाही भर भावाच्या गतीवर होता. ८० ही विक्रीची रेषा आहे, ही समजूत पुढे सोपेपणाच्या सोसातून रूढ झाली.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा करतो, कारण त्याने निम्मे गोंधळ मिटतात. वरच्या सूत्रातली कच्ची %K रेषा फार उड्या मारते, म्हणून मी तिची तीन सत्रांची सरासरी काढून तीच %K म्हणून वापरतो आणि त्या सरासरीची पुन्हा तीन सत्रांची सरासरी म्हणजे %D. मांडणी 14, 3, 3 अशी होते. TradingView वर हा निर्देशक उघडल्यास %K Smoothing मुळात १ असते. ते ३ केले नाही, तर तुमचे आकडे माझ्याशी जुळणार नाहीत आणि छेद एक-दोन दिवस आधी दिसतील. यापुढे ‘कच्चे %K’ असे मुद्दाम म्हटले नसेल, तर %K म्हणजे ही सरासरी काढलेली, संथ रेषा समजावी.

आता एक प्रत्यक्ष प्रसंग घेऊ. २०२३ च्या नोव्हेंबर अखेरीस निफ्टीचे %K ८० च्या वर गेले. ३० नोव्हेंबरला निर्देशांक २०,१३३ वर बंद झाला. ३ डिसेंबरला मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड आणि तेलंगणच्या विधानसभा निवडणुकांचे निकाल लागले, ४ तारखेला बाजार मोठ्या गॅपने उघडून २०,६८७ वर बंद झाला आणि १९ डिसेंबरला तो २१,४५३ वर होता. या साऱ्या काळात %K एकदाही ८० खाली आले नाही. ज्याने ३० नोव्हेंबरला ‘ओव्हरबॉट’ म्हणून विकले, त्याने तेरा सत्रांत १,३०० अंकांवर पाणी सोडले. मी हे कोणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. २००७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सेन्सेक्स सोळा हजारांच्या आतून वीस हजारांच्या उंबरठ्यावर गेला, तेव्हा केवळ ८० चा आकडा पाहून निफ्टी फ्युचर्स तीनदा शॉर्ट करणारा मीच होतो, आणि तिन्ही वेळा स्टॉपलॉस लागला.

त्यानंतर २० डिसेंबर आला. त्या दिवशी निफ्टीने २१,५९३ चा नवा उच्चांक गाठला आणि दुपारनंतर कोसळून तो ३०३ अंकांच्या घसरणीसह २१,१५० वर बंद झाला. बातम्यांत ‘रक्तपात’ असे शब्द होते. १४ सत्रांचा पट्टा त्या दिवशी साधारण २०,१८४ ते २१,५९३ असा होता, म्हणजे कच्चे %K सुमारे ६९ आले. आधीचे दोन दिवस ते ९५ च्या आसपास होते, त्यामुळे तीन दिवसांची सरासरी ८७ भरली. तीनशे अंकांनी बाजार पडला त्या दिवशीही संथ रेषा ८० च्या वरच होती. दुसऱ्या दिवशी ती ७८, तिसऱ्या दिवशी ७० आणि नाताळच्या सुट्टीनंतर २६ तारखेला ७४ झाली. म्हणजे त्या संपूर्ण घसरणीत ती ७० च्या फार खाली गेलीच नाही. २० ची वाट पाहणारा खरेदीदार फलाटावर उभाच राहिला आणि २८ डिसेंबरला निफ्टी २१,७७९ वर पोहोचला.

याच घसरणीत एक बारीक गोष्ट दिसते, जी चार्टवर नुसती रेषा पाहून कळत नाही. २१ डिसेंबरला निफ्टी १०५ अंकांनी वर, २१,२५५ वर बंद झाला, तरी कच्चे %K ६९ च्या जागीच राहिले. याचे कारण असे की त्या दिवशी १ डिसेंबरचे सत्र चौदाच्या खिडकीतून बाहेर पडले आणि पट्ट्याचा तळ २०,१८४ वरून एकदम २०,५०८ वर आला. भाव चढला, पण त्याच्याखालची जमीनही चढली. याच्या उलट, बाजार जागेवर असताना जुना उच्चांक खिडकीतून गळला, तर आकडा आपोआप वाढतो. म्हणून एखादा छेद दिसला की तो आजच्या भावामुळे झाला की चौदा सत्रांपूर्वीची कँडल गळल्यामुळे, हे एकदा पाहावे. दुसऱ्या प्रकारच्या छेदाला मी किंमत देत नाही.

ओव्हरबॉट काळासाठी माझे नियम या निरीक्षणांतून आले आहेत. %K आणि %D या दोन्ही रेषा सलग तीन सत्रे ८० च्या वर बंद झाल्या, की मी वहीत ‘चिकटले’ असे लिहितो. त्यानंतर ती स्थिती मोडेपर्यंत ८० च्या वर होणारे %K-%D यांचे छेद माझ्यासाठी अस्तित्वातच नसतात, कारण ९४ वरून ८९ वर येताना झालेल्या छेदात माहिती जवळजवळ शून्य असते. या काळात मी शॉर्ट करत नाही. हातातली पोझिशन स्टोकॅस्टिक पाहून विकत नाही. नवी खरेदीही करत नाही, कारण स्टॉपलॉस ठेवण्याजोगा ताजा नीचांक जवळपास नसतो. थोडक्यात, स्टोकॅस्टिक चिकटलेले असताना माझे काम फक्त बसून राहण्याचे असते, आणि खरे सांगायचे तर हेच सर्वांत जड जाते.

मग हातातली पोझिशन सोडायची कधी? येथे अनेक जण ‘दोन्ही रेषा ८० खाली आल्या की विका’ असा नियम करतात. तो डिसेंबरच्या प्रसंगावर लावून पाहा. दोन्ही रेषा २२ तारखेला ८० खाली आल्या, भाव २१,३४९ होता, आणि तीनच सत्रांनंतर बाजार ४३० अंक वर होता. त्यामुळे विक्रीचा निर्णय मी स्टोकॅस्टिककडून काढून भावाकडे दिला आहे: आधीच्या २० सत्रांच्या नीचांकाखाली बंद भाव आला तरच बाहेर पडायचे. २० डिसेंबरच्या घसरणीत ही पातळी तुटली नाही. ती तुटली जानेवारीतल्या अधिक खोल घसरणीत, २३ जानेवारी २०२४ रोजी, निफ्टी २१,२३९ वर बंद झाला तेव्हा. ३० नोव्हेंबरला २०,१३३ वर न विकता बसून राहिलेल्याला हा नियम १,१०६ अंक देऊन गेला. त्याची किंमतही सांगितली पाहिजे: १६ जानेवारीला निफ्टी २२,०३२ वर बंद झाला होता, म्हणजे शिखरापासून सुमारे आठशे अंक परत द्यावे लागले. शिखरावर विकण्याची हौस असेल, तर हा नियम तुमच्या कामाचा नाही.

आता खरेदीकडे वळतो. पुलबॅकचे माझ्या दृष्टीने दोन प्रकार आहेत आणि दोघांना एकच २० ची पट्टी लावणे हीच तुमची चूक होत आहे. दोन्ही प्रकारांत पहिली अट एकच: निर्देशांक ५० सत्रांच्या सरासरीच्या वर बंद होत असला पाहिजे आणि ती सरासरी स्वतः चढती असली पाहिजे. ही अट नसेल, तर पुढचे काहीही वाचू नये.

पहिला प्रकार म्हणजे सर्वसाधारण पुलबॅक, ज्यात %K ३० च्या खाली उतरते. मी २० चा हट्ट धरत नाही, कारण तीन दिवसांच्या सरासरीमुळे संथ रेषा तळाशी उशिरा पोहोचते आणि चढत्या बाजारात तोवर भाव वळलेला असतो. उतरल्यावर %K ने %D ला खालून वर छेदले पाहिजे, आणि तो छेद झाला म्हणून लगेच खरेदी न करता, छेदाच्या दिवसाचा उच्चांक पुढच्या एक-दोन सत्रांत ओलांडला गेला तरच खरेदी करायची. स्टॉपलॉस त्या पुलबॅकच्या नीचांकाखाली.

जानेवारी २०२४ मध्ये हे असे घडले. १६ तारखेला निफ्टी २२,०३२ वर होता. १७ ला एका मोठ्या खासगी बँकेच्या तिमाही निकालांनंतर तो एका दिवसात ४६० अंक पडला आणि २३ तारखेला २१,२३९ वर बंद झाला. ५० सत्रांची सरासरी तेव्हा २१,००० च्या खालीच आणि चढती होती, म्हणजे पहिली अट पूर्ण होत होती. २३ तारखेचे कच्चे %K अवघे ५ होते, पण संथ %K त्या दिवशी २६ वर होते. ते २४ ला २४ आणि २५ ला २० झाले. म्हणजे भावाचा तळ, २१,१३७, २४ तारखेला लागून गेला आणि संथ रेषेचा तळ त्यानंतर एका सत्राने आला. २९ तारखेला निफ्टी २१,७३८ वर बंद झाला, %K ३८ आणि %D २७ झाले, छेद मिळाला. २९ चा उच्चांक २१,७६३ होता. ३० तारखेला बाजार २१,७७६ वरच उघडला, तेथे खरेदी झाली, स्टॉपलॉस २१,१३०.

जाता जाता सांगतो, की २० जानेवारी हा शनिवार होता आणि त्या दिवशी पूर्ण सत्र झाले होते, कारण सोमवारी २२ ला अयोध्येतल्या सोहळ्यानिमित्त महाराष्ट्रात सार्वजनिक सुट्टी जाहीर झाली आणि मुंबईचे बाजार बंद राहिले. ज्या डेटामध्ये शनिवारची कँडल नाही, त्यात हे सगळे आकडे थोडे वेगळे येतात. हिशेब जुळला नाही तर आधी तेथे पाहावे.

या सौद्यात पुढे काय झाले? खरेदीच्याच दिवशी निफ्टी पलटून २१,५२२ वर बंद झाला, म्हणजे पहिल्या संध्याकाळी २५० अंकांचा तोटा अंगावर होता. स्टॉपलॉस मात्र लागला नाही. ७ मार्चपर्यंत ७०० अंकांचा नफा दिसला आणि १९ मार्चला निफ्टी २१,८१७ वर बंद झाला तेव्हा २० सत्रांच्या नियमाने बाहेर पडताना हाती उरले केवळ ४१ अंक. सगळे नियम पाळूनही असे सौदे होतात, आणि बरेच होतात. निम्मी पोझिशन जोखमीएवढा नफा झाल्यावर, म्हणजे येथे २१,७७६ अधिक ६४६ असे २२,४२२ वर सोडली असती, तर हिशेब बरा दिसला असता. पुलबॅकच्या सौद्यात मी आता तसेच करतो, मात्र जुन्या, तळातून धरलेल्या पोझिशनला हा अर्ध्या विक्रीचा नियम लावत नाही.

दुसरा प्रकार चिकटलेल्या काळानंतरचा, म्हणजे डिसेंबरसारखा. स्टोकॅस्टिक सलग दोन आठवडे किंवा अधिक काळ चिकटलेले असेल, तर पहिल्या पुलबॅकमध्ये ते ३० वर येईल ही अपेक्षाच चूक आहे. अशा वेळी %K ८० खाली येऊन ५० च्या वरच वळले आणि पुन्हा %D च्या वर गेले, तर मी त्याला खरेदीची संधी मानतो. २७ डिसेंबरला %K ८४ आणि %D ७६ होऊन असा छेद मिळाला, त्या दिवसाचा उच्चांक २१,६७६ होता आणि २८ ला बाजार २१,७१५ च्या आसपास उघडला. स्टॉपलॉस घसरणीच्या नीचांकाखाली, २०,९७० वर. हा सौदा २० सत्रांच्या नियमाने २३ जानेवारीला सुमारे पावणेपाचशे अंकांच्या तोट्यात सुटला असता. म्हणून या प्रकारात मी नेहमीच्या निम्म्याच आकाराने उतरतो. येथे घसरण उथळ असते, खरेदी उच्चांकाजवळ होते आणि खरा खोल पुलबॅक अजून यायचा असतो. जानेवारीत तो आलाच.

आकाराचा हिशेब कोरडा वाटला तरी करायलाच हवा. पाच लाखांचे भांडवल आणि एका सौद्यात एक टक्का, म्हणजे ५,००० रुपयांची जोखीम धरू. जानेवारीच्या सौद्यात जोखीम ६४६ अंकांची होती. निर्देशांकाच्या साधारण शंभराव्या भागाने चालणाऱ्या ईटीएफच्या एका युनिटमागे ती सुमारे साडेसहा रुपये होते, म्हणजे ७७० च्या आसपास युनिट्स आणि पावणेदोन लाखांच्या आत गुंतवणूक. हाच सौदा फ्युचर्समध्ये केला असता, तर तेव्हाच्या ५० च्या लॉटवर ३२,३०० रुपये, म्हणजे भांडवलाच्या साडेसहा टक्के पणाला लागले असते. ‘स्टॉपलॉस फार लांब आहे’ अशी तक्रार करणारे बहुतेक जण चुकीच्या साधनात असतात. ते स्टॉपलॉस जवळ ओढतात आणि ३० जानेवारीसारख्या दिवशी बाहेर फेकले जातात.

हे सारे कोठे मोडते तेही पाहा. २७ सप्टेंबर २०२४ ला निफ्टीने २६,२७७ चा उच्चांक केला, ३ ऑक्टोबरला तो २५,२५० वर आणि ७ ऑक्टोबरला २४,७९६ वर बंद झाला. स्टोकॅस्टिक तळाला गेले होते, आणि ‘अपट्रेंडमधला पुलबॅक’ म्हणून खरेदीचा मोह स्वाभाविक होता. पण ७ तारखेचा बंद भाव ५० सत्रांच्या सरासरीखाली होता. २५ ऑक्टोबरला निफ्टी २४,१८१ वर बंद झाला. वर चिकटणारी रेषा खालीही तशीच चिकटते, आणि सरासरी तुटल्यावर २० खालचा आकडा म्हणजे स्वस्ताई नसून पट्ट्याच्या तळाशी होणारे रोजचे बंद भाव असतात. पुलबॅक आणि उतरण यांतला फरक स्टोकॅस्टिक सांगू शकत नाही. दोन्हींत त्याचा आकडा सारखाच दिसतो.

सुट्या शेअर्सवर हे वापरणार असाल, तर रोज अप्पर सर्किट लागणारे छोटे शेअर वगळा, कारण तेथे बंद भाव हाच उच्चांक असल्यामुळे %K सतत १०० दाखवते आणि त्याला अर्थ राहत नाही. बोनस किंवा विभाजनानंतर जुने भाव समायोजित न केलेला चार्ट असेल, तर त्या दिवशी रेषा शून्याला टेकते आणि पुढची चौदा सत्रे निरुपयोगी होतात. मी मुख्यतः निर्देशांकावर आणि भरपूर उलाढाल असलेल्या मोठ्या शेअर्सवरच ही पद्धत चालवतो.

तुमच्या सध्याच्या स्थितीसाठी सांगायचे तर, रेषा तीन आठवडे ८० च्या वर असतील, तर आज करण्याजोगे एकच काम आहे: गेल्या २० सत्रांचा नीचांक काढून तो वहीत लिहून ठेवा आणि रोजचा बंद भाव त्याच्याशी ताडून पाहा. %K ८० खाली उतरल्यावर चार्ट पुन्हा उघडा, आणि ते ५० च्या वर वळते की ३० कडे जाते यावरून अर्ध्या आकाराने उतरायचे की पूर्ण, हे ठरवा.